पहिल्यांदाच तिमाही विक्रीचा आढावा मांडताना : दहा मिनिटांची बांधणी

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत ठिबक आणि पाइपच्या विक्रीत मी बरीच वर्षे काढली. या काळात जुलै, ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात होणाऱ्या आढावा बैठकांमध्ये अनेक नव्या मुलामुलींना पहिल्यांदा उभे राहताना पाहिले आहे. त्यांचे हात थरथरतात आणि घसा कोरडा पडतो. ते स्वाभाविकच आहे; पण जवळून पाहिले, तर भीतीचा मोठा भाग लोकांसमोर उभे राहण्याचा नसतो. आपला आकडा कोणी खोडून काढेल का आणि पुढचे वाक्य कोणते, या दोन शंका त्यांना अधिक छळत असतात. या दोन्ही शंका बांधणीने दूर करता येतात. म्हणून या लेखात बोलण्याच्या कलेपेक्षा बांधणीवर भर आहे.

समजायला सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. त्यातले आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत. ठिबक संच विकणाऱ्या एका कंपनीचे काम जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत आहे. विक्री विभागात नुकतीच लागलेली एक मुलगी जुलैच्या पहिल्या आठवड्यात एप्रिल ते जून या तिमाहीचा आढावा मांडणार आहे आणि तिला दहा मिनिटे मिळाली आहेत. टार्गेट ४ कोटी ८० लाखांचे होते आणि विक्री ४ कोटी ३२ लाखांची झाली.

आधी आकडा पक्का करा

स्लाइड उघडण्यापूर्वी लेखा विभागात जाऊन बसावे. "विक्री" या एकाच शब्दाचे बैठकीत तीन अर्थ निघतात. विक्री अधिकाऱ्याच्या मनात आलेल्या ऑर्डरी असतात, लेखापालाच्या मनात बिले असतात आणि मालकांच्या मनात बहुतेक वेळा हातात आलेला पैसा, म्हणजे वसुली असते. आपण कोणता आकडा दाखवणार आहोत, हे एका वाक्यात ठरवून पहिल्या स्लाइडच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहावे : "विक्री म्हणजे ३० जूनपर्यंतची बिले, जीएसटी सोडून, परत आलेला माल वजा करून." हे वाक्य बोलून दाखवण्याची गरज नाही, परंतु ते तिथे असले पाहिजे. ते नसल्यामुळे मी एक पूर्ण बैठक वाया जाताना पाहिली आहे. एका मुलाने जीएसटीसह आकडा दाखवला, लेखापालांनी तो जुळत नसल्याचे दुसऱ्याच मिनिटाला सांगितले आणि उरलेला वेळ कोणाचा आकडा खरा यातच गेला. त्या मुलाचे विश्लेषण उत्तम होते, पण ते कोणी ऐकलेच नाही.

आकडा कोणत्या दिवशी आणि किती वाजता काढला, हेही लिहून ठेवावे. ३० जूनच्या तारखेची काही बिले २ जुलैला चढतात आणि काही परताव्यांच्या नोंदी मागाहून होतात. बैठकीच्या आदल्या दिवशी दुपारी आकडा काढून तो लेखापालांना दाखवावा आणि त्यानंतर त्याला हात लावू नये. बैठकीत कोणी वेगळा आकडा सांगितलाच, तर "हा काल दुपारी तीनपर्यंतचा आहे, त्यानंतरच्या नोंदी यात नाहीत" एवढे एक वाक्य पुरते.

तुलना कशाशी करायची

ठिबकच्या धंद्यात एप्रिल-जूनची तुलना जानेवारी-मार्चशी करणे निरर्थक आहे. पाण्याची सोय असलेला शेतकरी पावसाआधी कापूस लावण्याच्या तयारीला लागतो आणि केळीच्या मृगबागेसाठीही याच सुमारास नळ्या अंथरल्या जातात, त्यामुळे आमच्याकडे उन्हाळ्यात विक्री चढतेच. ती चढली याचे श्रेय आपण घेतले, तर ऐकणारे जुने लोक मनात हसतात. म्हणून तुलना गेल्या वर्षीच्या याच तिमाहीशी करावी आणि दुसरी टार्गेटशी. या दोन पुरेत. तिसरी तुलना आणली की ऐकणाऱ्याच्या डोक्यात एकही राहत नाही.

मात्र याच तिमाहीशी तुलना करतानाही पंचांग पाहावे लागते. २०२४ मध्ये गुढीपाडवा ९ एप्रिलला होता आणि २०२५ मध्ये तो ३० मार्चला आला. सोने किंवा दुचाकी विकणाऱ्याने या दोन वर्षांच्या एप्रिल-जूनची तुलना केली, तर २०२५ ची विक्री घटल्यासारखी दिसेल, कारण पाडव्याची खरेदी आधीच्या तिमाहीत गेली. अशा धंद्यात आढावा मांडणाऱ्याने हे आपणहून सांगावे. आखाजीची मात्र ही अडचण नाही, कारण ती एप्रिलमध्ये असो वा मेमध्ये, याच तिमाहीत येते.

आपल्या उदाहरणात गेल्या वर्षी याच तिमाहीत ४ कोटींची विक्री होती. म्हणजे यंदा ८ टक्क्यांनी वाढ झाली, पण टार्गेटच्या ९० टक्केच गाठले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच दमात सांगायच्या आहेत. नवखा माणूस वाढ आधी सांगून तूट शेवटी लपवतो. समोरचा माणूस ती तूट छापील कागदावर पहिल्याच क्षणी पाहतो आणि मग प्रत्येक वाक्यावर संशय घेतो.

तूट नेमकी कुठे आहे ते शोधा

दहा मिनिटांचा कणा हा भाग आहे, म्हणून तयारीतला बहुतेक वेळ इथे द्यावा. टार्गेटपेक्षा ४८ लाख कमी पडले. ही तूट आधी जिल्ह्यांमध्ये वाटून पाहू. जळगावचे टार्गेट २ कोटी ६० लाख होते आणि विक्री २ कोटी ६६ लाख झाली, म्हणजे ६ लाख जास्त. धुळ्याचे टार्गेट १ कोटी ३० लाख आणि विक्री १ कोटी २४ लाख, म्हणजे ६ लाख कमी. हे दोन जिल्हे एकमेकांना फेडतात. नंदुरबारचे टार्गेट ९० लाख होते आणि विक्री झाली ४२ लाख. उरलेली सगळी तूट, ४८ लाख, तिथे आहे.

हे कळल्यावर आढाव्याचे स्वरूपच बदलते. तीनही जिल्ह्यांना प्रत्येकी दोन-दोन मिनिटे देण्याचा जो सरळसोट आराखडा सगळे करतात, तो इथे चुकीचा ठरतो. जळगाव आणि धुळ्याला मिळून एक वाक्य पुरते आणि नंदुरबारला चार मिनिटे लागतात. सर्वांना समान न्याय द्यावा असे आपल्याला वाटते, कारण त्या त्या जिल्ह्याचा माणूस समोर बसलेला असतो. तरीही हा मोह आवरावा.

आता कारण. "मार्केट डाउन होते" किंवा "पाऊस लांबला" हे कारण तोपर्यंत बोलू नये, जोपर्यंत शेजारच्या जिल्ह्यात तेच का घडले नाही याचे उत्तर आपल्याकडे नाही. धुळे जिल्ह्यातले शिरपूर आणि नंदुरबार जिल्ह्यातले शहादा यांच्यातल्या पावसात एवढा फरक नसतो की एकीकडे माल जावा आणि दुसरीकडे अडावा. म्हणून आमच्या मुलीने ऑर्डरची तारीख आणि माल निघाल्याची तारीख शेजारी-शेजारी लावली. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यातली ऑर्डर सरासरी दोन दिवसांत निघत होती आणि शहादा-तळोद्याची नऊ दिवसांत.

त्यानंतर तिने जे केले ते प्रत्येकाने करावे, असे मी आवर्जून सांगेन. बैठकीच्या दोन दिवस आधी तिने नंदुरबारच्या विक्री अधिकाऱ्याला फोन केला. ते वयाने पंधरा वर्षांनी मोठे.

"भाऊ, परवाच्या बैठकीत मला नंदुरबारचा आकडा दाखवावा लागणार आहे. तुम्हाला तिथे पहिल्यांदा दिसू नये म्हणून आधी फोन केला. माल उशिरा निघाला असं तारखांवरून दिसतंय. माझं काही चुकतंय का?"

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "ताई, गाडी पूर्ण भरल्याशिवाय गोडाऊनवाले सोडत नव्हते. सोळा एमएमची नळी होती तिथेच, पण शहाद्यासाठी गाडी भरायला आठ-आठ दिवस लागले. माझ्याकडे डीलरचे मेसेज आहेत, पाठवतो."

त्या मेसेजवरून रद्द झालेल्या ऑर्डरी मोजता आल्या. त्या ३१ लाखांच्या निघाल्या. उरलेल्या १७ लाखांच्या ऑर्डरी मुळात आल्याच नव्हत्या, कारण टार्गेट ठरवताना दोन नवे डीलर धरले होते आणि त्यांपैकी एकाने काम सुरूच केले नाही. एका फोनमुळे कारण पुराव्यासह हाती आले आणि ज्यांची बाजू पडती दिसणार होती, ते गृहस्थ बैठकीत विरोधक न राहता साक्षीदार झाले.

मिनिटांची वाटणी

दहा मिनिटे मिळाली, तर साडेआठ मिनिटांचे बोलणे तयार करावे. उरलेले दीड मिनिट प्रोजेक्टर जुळवण्यात, मध्येच कोणी विचारलेल्या प्रश्नात आणि आपल्या थांबण्यात जाते.

पहिल्या मिनिटात निकाल सांगावा : किती विक्री, टार्गेटच्या मानाने कुठे, गेल्या वर्षीच्या मानाने कुठे, तूट कोणत्या जिल्ह्यात आणि आज काय ठरवायचे आहे. संपूर्ण आढावा या एका मिनिटात आला पाहिजे. त्यानंतरचे दीड मिनिट जिल्ह्यांच्या तुलनेचे, म्हणजे तूट नंदुरबारमध्येच का दिसते याचे. मग चार मिनिटे नंदुरबारची : तारखांचा फरक, रद्द झालेल्या ऑर्डरी आणि न सुरू झालेला डीलर. शेवटची दोन मिनिटे मागणीची.

मागणीबद्दल थोडे थांबून सांगतो, कारण पहिल्यांदा बोलणारे "यावर काहीतरी उपाय करायला हवा" असे म्हणून खाली बसतात आणि त्यांचे सगळे कष्ट इतिवृत्ताच्या एका ओळीत संपतात. मागणीत काय, किती, कुठे आणि कधीपर्यंत हे चारही असावे. आमच्या उदाहरणात ती अशी होती : "ऑक्टोबरच्या सुमारास केळीच्या कांदेबागेची लागवड सुरू होते. त्याआधी, १५ सप्टेंबरपर्यंत, शहाद्यात भाड्याच्या गोडाऊनमध्ये २० लाखांचा माल ठेवण्याची परवानगी हवी आहे. भाडे महिन्याला १८ हजार रुपये सांगितले आहे." भाड्याचा आकडा आधीच विचारून ठेवला होता, म्हणून तो प्रश्न आलाच नाही.

चार स्लाइड

चारपेक्षा जास्त स्लाइड करू नयेत आणि प्रत्येकीचे शीर्षक पूर्ण वाक्य असावे. "जिल्हानिहाय विक्री" हे शीर्षक काहीच सांगत नाही. "संपूर्ण तूट नंदुरबार जिल्ह्यात आहे" असे लिहिले, तर बोलणाऱ्याची जीभ अडली तरी ऐकणाऱ्याला मुद्दा कळतो आणि बोलणाऱ्यालाही शीर्षक वाचून पुन्हा रुळावर येता येते. घाबरलेल्या माणसासाठी स्लाइडचे शीर्षक हाच सर्वांत जवळचा आधार असतो.

जिल्ह्यांच्या स्लाइडवर तीन जोड्या स्तंभ पुरतात, टार्गेटचा फिका आणि विक्रीचा गडद. उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करावा. तो २ कोटींपासून सुरू केला, तर दोन जिल्हे आलेखातून गायबच होतील. आणि एकट्या जळगावचा आलेख काढताना तो अडीच कोटींपासून सुरू केला, तर ६ लाखांची वाढ डोंगराएवढी दिसेल. दोन्ही गोष्टी कोणीतरी पकडतेच. सगळे आकडे लाखांत किंवा सगळे कोटींत ठेवावेत. एकीकडे "०.४२ कोटी" आणि दुसरीकडे "४८ लाख" असे लिहिले, की वाचणारा मनातल्या मनात गणित करू लागतो आणि तेवढा वेळ तो आपले ऐकत नाही.

पॉवरपॉइंट वापरत असाल, तर दोन कळा लक्षात ठेवाव्यात. स्लाइड शो सुरू असताना `B` दाबले की पडदा काळा होतो आणि पुन्हा दाबले की परत येतो. प्रश्नाला उत्तर देताना लोकांनी आपल्याकडे पाहावे, असे वाटेल तेव्हा ही कळ वापरावी. स्लाइडचा क्रमांक टाकून `Enter` दाबले की थेट त्या स्लाइडवर जाता येते, त्यामुळे मागची स्लाइड शोधताना होणारी तारांबळ टळते.

पहिली चाळीस सेकंदे आणि आकड्यांचा उच्चार

सुरुवात तेवढी शब्दशः पाठ करावी, बाकीचे पाठ करू नये. पूर्ण भाषण पाठ केले, तर एक वाक्य विसरताच पुढचे सगळे विसरते. आपल्यापैकी अनेकांना शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेची सवय असते आणि तोंडातून "उपस्थित मान्यवर" बाहेर पडते. काहीजण "मी पहिल्यांदाच बोलतोय, काही चुकले तर सांभाळून घ्या" असे म्हणतात. ते नम्रतेने म्हटलेले असते, पण त्याने ऐकणारा चुका शोधू लागतो. त्याऐवजी तिने हे पाठ केले होते :

"नमस्कार. एप्रिल ते जून या तिमाहीत आपली विक्री चार कोटी बत्तीस लाख झाली. हे टार्गेटच्या नव्वद टक्के आहे आणि गेल्या वर्षीच्या याच तिमाहीपेक्षा आठ टक्के जास्त आहे. टार्गेटला अठ्ठेचाळीस लाख कमी पडले आणि ती तूट नंदुरबार जिल्ह्यातली आहे. ती का आली आणि कांदेबागेच्या आधी आपल्याला काय ठरवायचे आहे, हे मी आता सांगते."

मराठीत दोन अंकी संख्या एककाकडून उच्चारली जाते, म्हणून घाईत बेचाळीसचे चोवीस होते आणि एकोणसत्तर व एकोणऐंशी यांची गल्लत होते. या आढाव्यात नंदुरबारचे ४२ आणि धुळ्याचे २४ शेजारी येतात, तेव्हा ही चूक होण्याची शक्यता खूपच आहे. यावर साधा उपाय म्हणजे हातातल्या कार्डावर आकडे अंकांत न लिहिता अक्षरांत लिहावेत : "धुळे, एक कोटी चोवीस लाख. नंदुरबार, बेचाळीस लाख." ज्यांना आकडे इंग्रजीत बोलण्याची सवय आहे, त्यांनी ते खुशाल इंग्रजीत बोलावेत, फक्त शेवटपर्यंत तसेच बोलावेत. कार्डही पातळ कागदाचे नको. पातळ कागद हातातला कंप दुप्पट करून दाखवतो. लग्नपत्रिकेच्या जाडीचे पुठ्ठ्याचे कार्ड तो दाखवत नाही.

तालीम

मनात वाचणे ही तालीम नव्हे. उभे राहून, मोठ्याने आणि मोबाइलवर वेळ लावून तीनदा बोलावे. पहिल्या खेपेला बहुतेकांना बारा मिनिटे लागतात, असे मी पाहिले आहे. तेव्हा बोलण्याचा वेग वाढवू नये, एखादा मुद्दा काढावा. तिने धुळ्याच्या डीलरांची यादी काढली आणि वेळ बरोबर बसली. दुसरी तालीम ध्वनिमुद्रित करून ऐकावी. आपण दर वाक्यात "म्हणजे" किंवा "बेसिकली" किती वेळा म्हणतो, ते तेव्हा कळते. त्या जागी नुसते थांबायचे, एवढेच लक्षात ठेवायचे. बोलणाऱ्याला दोन सेकंदांचे थांबणे फार लांब वाटते, ऐकणाऱ्याला ते जाणवतही नाही.

घरी अहिराणी बोलणाऱ्या मुलांना बैठकीतली मराठी जड जाते, हेही मी पाहिले आहे. त्यांनी पहिली तालीम अहिराणीतच करावी. मुद्द्यांचा क्रम आपल्या बोलीत एकदा बसला, की तो प्रमाण मराठीत आणणे सोपे जाते. उलट दिशेने जाताना क्रम आणि भाषा दोन्ही एकाच वेळी सांभाळावे लागतात.

प्रश्न

या आढाव्यावर येणारा सर्वांत अवघड प्रश्न आधीच दिसत होता : "गेल्या वर्षी नंदुरबारची विक्री ५० लाख होती, मग ९० लाखांचे टार्गेट मुळात योग्य होते का?" टार्गेट ठरवणारे साहेब समोरच बसलेले असताना हा प्रश्न येतो, तेव्हा नवखा माणूस एकतर टार्गेटची बाजू घेतो किंवा साहेबांची चूक दाखवतो. तिने फक्त आकडे सांगितले : "माल वेळेवर निघाला असता, तर विक्री त्र्याहत्तर लाखांपर्यंत गेली असती. त्यावरचे सतरा लाख नव्या डीलरवर धरलेले होते आणि तो सुरू झाला नाही." ऐकणाऱ्याला यातून काय निष्कर्ष काढायचा तो त्याने काढावा.

उत्तर माहीत नसेल, तर अंदाज सांगू नये. "हा आकडा आता माझ्याकडे नाही, आज पाचपर्यंत मेलवर पाठवते" असे म्हणून प्रश्न कार्डाच्या मागे लिहून घ्यावा आणि पाचच्या आत पाठवावा.

वेळ कापली तर

आढावा बैठका लांबतात आणि शेवटच्या माणसाला "पाच मिनिटांत आटोप" असे सांगितले जाते. हे इतक्या वेळा होते की त्याची तयारी आदल्या दिवशीच करावी. पाच मिनिटे मिळाली, तर पहिले मिनिट जसेच्या तसे ठेवावे, जिल्ह्यांची तुलना एका वाक्यात आणावी, नंदुरबारमधून तारखांचा फरक आणि ३१ लाखांच्या रद्द ऑर्डरी एवढेच दीड-दोन मिनिटांत सांगावे आणि मागणीची दोन मिनिटे पूर्ण ठेवावीत. दोनच मिनिटे मिळाली, तर पहिले मिनिट आणि मागणीची तीन वाक्ये. कार्डावर या भागांसमोर लाल पेनाने खूण करून ठेवली, की ऐनवेळी काय गाळायचे याचा विचार उभ्या-उभ्या करावा लागत नाही.